सात वह्या, पाच पेन आणि 0 = 54 : उदाहरण चुकलंय की मांडणी?

इंदिरानगर_आई

मुलगी दहावीला आहे, सेमी. बीजगणिताच्या पहिल्या प्रकरणाच्या सरावपत्रिकेत हे शाब्दिक उदाहरण आलंय :

७ वह्या आणि ५ पेन यांची एकूण किंमत ३४५ रुपये आहे. ७ पेन आणि ५ वह्या यांची एकूण किंमत २९१ रुपये आहे. तर एका वहीची व एका पेनाची किंमत काढा.

तिने केलेलं जसंच्या तसं उतरवते :

```
7x + 5y = 345   ...(1)
7x + 5y = 291   ...(2)
(1) - (2):   0 = 54
```

इथे गाडी अडली. तिचं म्हणणं, पत्रिकेत छपाईची चूक आहे. पण मागे उत्तरसूचीत वही ४० रुपये, पेन १३ रुपये असं दिलंय. म्हणजे उत्तर निघतं तर! मग ० बरोबर ५४ कुठून आलं?

सातपूर_लेथ

मुलगी बरोबर आहे, पत्रिका चुकीची. दोन्ही समीकरणांत x चे सहगुणक सारखे, y चे सहगुणक सारखे, फक्त उजवी बाजू वेगळी. आलेख काढला तर दोन समांतर रेषा येतील आणि त्या कुठेच भेटणार नाहीत. भेट नाही म्हणजे उकल नाही.

साध्या भाषेत, तोच माल एकदा ३४५ ला आणि एकदा २९१ ला. हे एका भावात बसत नाही.

उत्तरसूचीही तपासली. ४० आणि १३ पहिल्यात घातले तर २८० + ६५ = ३४५, ठीक. दुसऱ्यात घातले तरी ३४५ च येतात, २९१ नाही. छापखान्याचा घोळ. सोडून द्या आणि पुढच्या उदाहरणाकडे वळा.

पाटीमास्तर

लेथराव, समांतर रेषांबद्दल जे लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे, पण ते मुलीने लिहिलेल्या समीकरणांबद्दल. पत्रिकेतल्या वाक्यांबद्दल नाही. दुसरं वाक्य बोट ठेवून परत वाचा : "७ पेन आणि ५ वह्या."

पहिल्या वाक्यात वह्या आधी आल्या, दुसऱ्यात पेन आधी आले. उदाहरण काढणाऱ्याने क्रम मुद्दाम फिरवलाय. मुलीने आकडे डावीकडून उजवीकडे उचलले, सात मग पाच, सात मग पाच, आणि पहिल्या आकड्याला x, दुसऱ्याला y लावत गेली. आकडा कोणत्या वस्तूचा हे पाहिलंच नाही. उत्तरसूची तपासताना तुम्हीही तिच्या समीकरणात ४० आणि १३ घातलेत, वाक्यात घातले नाहीत. वाक्यात घाला : ७ पेन म्हणजे ९१, ५ वह्या म्हणजे २००, बेरीज २९१. पत्रिका बरोबर आहे.

ताई, मुलीला x आणि y लिहायच्या आधी हे तीन रकाने आखायला सांगा :

```
            वही    पेन    रुपये
वाक्य १      7      5      345
वाक्य २      5      7      291
```

दुसऱ्या ओळीत लिहिताना "७ पेन" वाचलं की हात आपोआप पेनाच्या रकान्यात जातो. वाक्यातला क्रम कसाही असो, रकाने जागचे हलत नाहीत. मग एका वहीची किंमत x रुपये आणि एका पेनाची y रुपये धरली की ओळी तशाच समीकरणं होतात :

```
7x + 5y = 345   ...(1)
5x + 7y = 291   ...(2)
```

आणखी एक. तिच्या वहीत सुरुवातीला "समजा x = वही, y = पेन" असं लिहिलेलं असणार, बघा. ते "समजा एका वहीची किंमत x रुपये" असं पूर्ण लिहायला लावा. आत्ता फरक दिसणार नाही, पण पुढे दिसेल.

इंदिरानगर_आई

अगदी "x = वही" असंच लिहिलंय! तुम्हाला कसं कळलं सर?

रकान्यांचं तिला लगेच पटलं. पण ती विचारतेय, आता सोडवायचं कसं? ७ आणि ५ चे सहगुणक सारखे करायला पहिल्याला ७ ने आणि दुसऱ्याला ५ ने गुणायचं, आणि आकडे मोठे होतात.

सातपूर_लेथ

मान्य. दुसरं वाक्य मी तिच्यासारखंच वाचलं. पण ० = ५४ आलं तर उकल नाही, हे मी लिहिलेलं खोटं ठरत नाही.

पाटीमास्तर

नाही ठरत. फक्त शाब्दिक उदाहरणात ० = ५४ दिसलं की "उकल नाही" लिहायच्या आधी एकदा मागे जाऊन वाक्य वाचायचं. अशा उदाहरणात किंमत विचारलेली असते, ती निघणार हे धरूनच प्रश्न काढलेला असतो. तेव्हा बहुतेक वेळा चूक पत्रिकेच्या आधी आपल्या मांडणीत सापडते.

ओझरकर

एवढी चर्चा कशाला? दहावीला क्रेमरची पद्धत आहे ना. आकडे निश्चयकात टाका, उत्तर हातात. लोप नको, चिन्हं बदलणं नको.

```
D  = 7×7 - 5×5     = 49 - 25     = 24
Dx = 345×7 - 5×291 = 2415 - 1455 = 960
Dy = 7×291 - 345×5 = 2037 - 1725 = 312
x = 960/24 = 40,   y = 312/24 = 13
```

क्रेमरमध्ये गोंधळाला जागाच नाही. डोकं न लावता होतं.

गोदाकाठ

ओझरकर दादा, डोकं न लावता करतात म्हणूनच तिथे फसतात. दुसरं वाक्य "७ पेन आणि ५ वह्या" असं आहे, म्हणून वर्गातली बरीच मुलं समीकरण `7y + 5x = 291` असं लिहितात. हे समीकरण अगदी बरोबर आहे, एक अक्षर चूक नाही. पण पुढे निश्चयक मांडताना पुन्हा आकडे डावीकडून उचलतात : वर ७, ५ आणि खाली ७, ५. झालं, D = 35 - 35 = 0. भागाकार शून्याने. म्हणजे ताईंच्या मुलीची चूक मांडणीत झाली, या मुलांची तीच चूक एक पायरी उशिरा होते.

क्रेमर वापरायची तर आधी दोन्ही समीकरणं ax + by = c अशीच लिहून घ्यायची. x खाली x, y खाली y, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. निश्चयक त्यानंतर.

आणि ताई, या उदाहरणापुरतं सांगायचं तर ७ ने आणि ५ ने गुणायची गरजच नाही. सहगुणकांची अदलाबदल झालीये (७, ५ आणि ५, ७) हे दिसलं की आधी बेरीज आणि मग वजाबाकी करायची.

बेरीज काय सांगते ते वस्तूंमध्ये बघा. दोन्ही खरेद्या एका पिशवीत ओतल्या तर १२ वह्या आणि १२ पेन, एकूण ६३६ रुपये. म्हणजे एक वही आणि एक पेन अशा १२ जोड्या. एका जोडीचे ५३ रुपये.

आता वजाबाकी. दुसऱ्या पिशवीतून पहिली पिशवी करायची तर काय करावं लागेल? दोन पेन काढायचे, दोन वह्या टाकायच्या. तेवढ्याने बिल २९१ वरून ३४५ वर जातं, म्हणजे ५४ ने वाढतं. दोन वह्या दोन पेनांपेक्षा ५४ ने महाग, तर एक वही एका पेनापेक्षा २७ ने महाग.

```
(1) + (2):  12x + 12y = 636   →  x + y = 53   ...(3)
(1) - (2):   2x -  2y =  54   →  x - y = 27   ...(4)
(3) + (4):   2x = 80          →  x = 40
(3) मध्ये:   40 + y = 53      →  y = 13
```

गंमत म्हणजे मुलीला मिळालेले ५४ निरर्थक नव्हते. दोन बिलांतला फरक तिने बरोबर काढला होता. फक्त तो फरक कशामुळे पडला ते तिच्या समीकरणातून पुसलं गेलं होतं, म्हणून डावीकडे शून्य उरलं.

पाटीमास्तर

पिशव्यांचं स्पष्टीकरण उत्तम. एक सावधगिरी. हा बेरीज-वजाबाकीचा मार्ग सहगुणकांची पूर्ण अदलाबदल असेल तेव्हाच सोपा पडतो. ७, ५ आणि ५, ८ असेल तर बेरजेत 12x + 13y येईल, त्याला कशानेही भाग जाणार नाही आणि मुलं तिथेच घुटमळतात. तिथे सरळ लोप.

रिकामा_कंपास

मी पण दहावीलाच आहे. मी लोप पद्धतीने केलं, x = 161.25 आलं. कुठे चुकलं?

```
(1) × 7:   49x + 35y = 2415
(2) × 5:   25x + 35y = 1455
वजाबाकी:   24x       = 3870
x = 161.25
```

गोदाकाठ

वजाबाकीच्या ओळीत. वजाबाकी करताना खालच्या ओळीची चिन्हं बदलायची असतात ती तू 25x आणि 35y ची बदललीस, 1455 चं राहिलं. डावीकडे वजा केलंस आणि उजवीकडे बेरीज. २४१५ - १४५५ = ९६०, मग 24x = 960 आणि x = 40.

पण उत्तर बघूनच कळायला हवं होतं. वही १६१ रुपयांची असेल तर नुसत्या सात वह्यांचेच अकराशेच्या वर होतात आणि पूर्ण बिल ३४५ चं आहे. इथेच थांबायचं होतं, y काढायला पुढे जायचंच नव्हतं.

याची जोडीदार चूकही सांगून ठेवते. समीकरणाला ७ ने गुणताना उजवी बाजू गुणायची राहते. मग `49x + 35y = 345` होतं आणि वजाबाकीत 24x = -1110. किंमत उणे आली की शंभरातल्या नव्वद वेळा हेच झालेलं असतं.

ओझरकर

नव्वद वेळा हा आकडा कुठून काढलात? :)

गोदाकाठ

लाल पेनातून. बरं, "बऱ्याचदा" वाचा.

हिशेबनीस

इथे दोन समीकरणांवरून भाव काढायचं चाललंय म्हणून विचारतो. माझ्याकडे वह्या-पेनांची दोन बिलं आहेत, रविवार कारंज्याच्या बाजूला एका दुकानातून वाटपासाठी घेतलेल्या मालाची. पहिलं : २ डझन वह्या, १० पेन, १०९० रुपये. दुसरं : १ डझन वह्या, ५ पेन, ५४५ रुपये. बिलावर फक्त एकूण रक्कम आहे, सुटा भाव लिहिलेला नाही. मला दोन्हींचा सुटा भाव हवाय. भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो 0 = 0 येतंय. म्हणजे वही पण फुकट, पेन पण फुकट?

पाटीमास्तर

फुकट नाही हो. तुमची दोन बिलं म्हणजे एकच बिल दोनदा आहे. पहिल्यातल्या सगळ्या संख्या निम्म्या केल्या की दुसरं होतं : २४ चे १२, १० चे ५, १०९० चे ५४५. दुसऱ्या बिलाने नवीन काही सांगितलंच नाही. वजा केलं की डावीकडेही काही उरत नाही, उजवीकडेही नाही.

मुलीच्या ० = ५४ शी तुलना करून बघा. तिथे डावीकडे काही उरलं नाही आणि उजवीकडे ५४ उरले, म्हणून दोन्ही समीकरणं एका वेळी खरी असणं शक्यच नव्हतं. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना शून्य, म्हणजे दोन्ही खरी आहेत, पण माहिती एकाचीच आहे. आलेखावर एकाच रेषेवर दुसरी रेषा बसलेली. तिच्यावरचा कुठलाही बिंदू चालेल.

हिशेबनीस

मग काहीच सांगता येणार नाही?

पाटीमास्तर

नक्की भाव नाही, पण यादी छोटी करता येते. `12x + 5y = 545`. भाव पूर्ण रुपयांत आहेत असं धरलं तर ५४५ ला आणि 5y ला ५ ने भाग जातो, म्हणून 12x लाही जायला हवा. म्हणजे वहीचा भाव पाचाच्या पटीत.

वही ४५ धरली तर पेन १ रुपयाला पडतो. वही ४०, तर पेन १३. वही ३५, तर पेन २५. वही ३०, तर पेन ३७, म्हणजे वहीपेक्षा पेन महाग. वाटपाच्या मालात पहिली आणि शेवटची शक्यता मला पटत नाही. उरल्या दोन, ४० व १३ किंवा ३५ व २५. यातली कुठली ते गणित सांगणार नाही, वही हातात घेऊन तुम्हीच सांगाल. किंवा त्याच दुकानाचं, त्याच भावाचं तिसरं बिल आणा, ज्यात वह्या आणि पेनांचं प्रमाण बारास पाच नसेल.

सातपूर_लेथ

हिशेबनीस काका, दुकानात फोन करून भाव विचारा की.

हिशेबनीस

मालक गावाला गेलेत, मुलगा सांगत नाही. तिसरं बिल शोधतो.

इंदिरानगर_आई

धागा भरकटायच्या आत, सर, तुम्ही "पुढे दिसेल" म्हणाला होतात ते दिसलं. पत्रिकेतलं पुढचंच उदाहरण :

वही ४० रुपयांना आणि पेन १३ रुपयांना मिळतो. वह्या व पेन मिळून १२ वस्तू घेतल्या, बिल ३४५ रुपये झालं. तर वह्या किती व पेन किती?

तिने पुन्हा "x = वही, y = पेन" धरून `x + y = 345` लिहिलं. मग १२ चं काय करायचं ते कळेना, म्हणून `12x + 12y = 345` केलं.

पाटीमास्तर

यासाठीच म्हटलं होतं. पहिल्या उदाहरणात x ही किंमत होती, इथे x ही संख्या आहे. माल तोच, दुकान तेच, बिलही तेच ३४५, पण जे विचारलंय ते बदललं. नुसतं "x = वही" लिहिलं की वही म्हणजे नग की रुपये हे पेनालाही कळत नाही आणि हातालाही नाही.

तिला दोन वाक्यं पूर्ण लिहू दे : "समजा वह्यांची संख्या x आणि पेनांची संख्या y." मग प्रत्येक समीकरणाला एक प्रश्न विचारायचा, यातली प्रत्येक गोष्ट कशात मोजली आहे?

पहिलं समीकरण नगांचं. x नग अधिक y नग बरोबर १२ नग. दुसरं रुपयांचं. x वह्या, प्रत्येकी ४० रुपये, म्हणजे 40x रुपये, तसेच 13y रुपये, मिळून ३४५ रुपये.

```
x + y = 12            ...(1)  नग
40x + 13y = 345       ...(2)  रुपये
```

तिने लिहिलेल्या `x + y = 345` मध्ये डावीकडे नग आणि उजवीकडे रुपये आहेत. नग आणि रुपये बरोबरच्या चिन्हाने जोडता येत नाहीत. हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं 12x + 12y सुचलंच नसतं.

इथे लोपापेक्षा एक चल दुसऱ्यात घालणं सोपं. (1) वरून y = 12 - x.

```
40x + 13(12 - x) = 345
40x + 156 - 13x = 345
27x = 189
x = 7,  y = 5
```

१३ ने कंस सोडवताना १५६ च्या जागी नुसते १२ लिहिले जातात, तेवढं लक्ष असू दे. आणि इथेही एक खूण आहे. x ही वह्यांची संख्या आहे, तेव्हा ती पूर्णांकच यायला हवी. ६.४ वह्या आल्या तर कुठेतरी चुकलं. किंमत मात्र १२.५० येऊ शकते, तिथे दशांश बघून घाबरायचं नाही.

गोदाकाठ

हे बीजगणित न शिकलेल्या धाकट्यांनाही करता येतं. बाराही पेनच घेतले असते तर १५६ रुपये झाले असते. बिल ३४५, म्हणजे १८९ जास्त. एका पेनाच्या जागी वही घेतली की बिल २७ ने वाढतं. १८९ ÷ २७ = ७ वेळा बदललं. वह्या ७. सरांच्या 27x = 189 मध्ये नेमकं हेच लिहिलंय, फक्त तिथे ते कंसातून बाहेर येतं.

रिकामा_कंपास

असं लिहिलं तर पेपरात मार्क मिळतात का?

ओझरकर

प्रश्नात "समीकरणे तयार करून सोडवा" असेल तर समीकरणंच हवीत. नसेल तर तर्क नीट लिहिलेला असेल तर मिळायला हवेत.

गोदाकाठ

"मिळायला हवेत" च्या भरवशावर पेपर लिहू नकोस रे. समीकरणं लिही. तोंडी रीत उत्तर तपासायला वापर.

सातपूर_लेथ

तपासण्यावरून आठवलं. सगळ्यात साधी चूक कोणी लिहिलीच नाही. x, y बरोबर काढायचे आणि शेवटचं वाक्य उलटं लिहायचं. समजा कोणी पेनाची किंमत x आणि वहीची y धरली, उत्तर आलं x = 13, y = 40, आणि सवयीने लिहिलं "वही १३ रुपये, पेन ४० रुपये". समीकरणात ताळा घेतला तर तो जुळतोच, कारण x आणि y बरोबरच आहेत. वाक्यात घेतला तर ७ वह्यांचे ९१ आणि ५ पेनांचे २००, एकूण २९१. हवे होते ३४५.

म्हणून ताळा समीकरणात नाही, प्रश्नाच्या मूळ वाक्यात घ्यायचा. वर माझीच फजिती तिथे झाली.

पाटीमास्तर

हे सोळा आणे खरं. आणि ताळा दोन्ही वाक्यांत घ्यायचा. चुकीची जोडीही एका वाक्यात चपखल बसू शकते. वही ४५, पेन ६ घ्या : ३१५ + ३० = ३४५, पहिलं वाक्य खूश. दुसऱ्यात २२५ + ४२ = २६७, तिथे पकडली जाते.

ओझरकर

पेपरात ताळा लिहायचा नाही मात्र. विचारला नसेल तर वेळ वाया.

गोदाकाठ

मी लिहायला लावते. दोन ओळी लागतात.

ओझरकर

दोन ओळी गुणिले सगळी उदाहरणं. कच्च्या कामात करा, उत्तरात नको.

इंदिरानगर_आई

ती कच्च्या कामात करणार म्हणतेय. सात पेन, पाच वह्या आता रकाने आखून सुटलं, ४० आणि १३ च आलं. दुसरंही सुटलं. तिला आता हिशेबनीस काकांच्या तिसऱ्या बिलाची उत्सुकता लागलीये.

हिशेबनीस

सापडलं! त्याच दुकानाचं, त्याच आठवड्यातलं. ६ वह्या, १० पेन, ३५२ रुपये. भाच्याने सोडवलं, वही ४१ आणि पेन १० रुपये ६० पैसे येतोय. सरांच्या दोन्ही शक्यतांत हे बसत नाही.

```
24x + 10y = 1090
 6x + 10y = 352
18x       = 738
x = 41,  y = 10.60
```

गोदाकाठ

भाच्याचं सोडवणं बरोबर आहे, चिन्हंही नीट आहेत. पण पेन १०.६० ला सुटा कोण विकतं? तिन्ही बिलांत एकच भाव होता हे आपण धरून चाललोय, शंका तिथे घ्यायला हवी. ४० आणि १३ च्या भावाने तिसरं बिल २४० + १३० = ३७० व्हायला हवं होतं. ३७० वर ५ टक्के सूट म्हणजे ३५१ रुपये ५० पैसे. वरचे पन्नास पैसे धरून ३५२?

पाटीमास्तर

जुळतंय खरं, पण जुळवलेलं आहे. सूट किती ते आपण मनाने धरलं, म्हणजे तिसरं अज्ञात आत आलं. तिसरं समीकरण त्यातच खर्ची पडलं, पडताळायला काही उरलं नाही. ३५ आणि २५ च्या भावाने बिल ४६० होतं, त्यावरून ३५२ व्हायला साधारण साडेतेवीस टक्के सूट लागेल, ते अवघड वाटतं. तरी ४० आणि १३ हा अंदाजच. हिशेबनीस, बिलावर सूट असा काही रकाना आहे का?

हिशेबनीस

बिलाचा मोबाईलवर फोटो आहे. खालचा भाग कापला गेलाय. मूळ कागद शोधतो.